रक्त दिसेपर्यंत थांबू नका

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस या पट्ट्यात रस्त्याकडेला, बांधकामांच्या आडोशाला आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कुत्र्यांची नवी पिल्ले दिसू लागतात. त्यांतली काही आसपासच्या घरांत जातात. त्याच सुमारास कुणी लॅब्राडोर, कुणी जर्मन शेफर्ड विकत आणतो. रस्त्यावरून उचललेले पिल्लू असो की पैसे मोजून आणलेले, वयाच्या दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत दोघांच्या जिवाला एकच मोठा धोका असतो आणि तो म्हणजे पार्वो. पशुवैद्यकाच्या दारात पिल्लू आणून ‘काल रात्रीपासून रक्त पडतंय’ असे सांगणाऱ्या माणसाला बहुतेकदा हे ठाऊक नसते की आजार काल रात्री सुरू झालेलाच नव्हता. रक्त दिसले तेव्हा सर्वांत मोलाचा एक दिवस, कधी दीड दिवस, निघून गेलेला होता. पार्वोने मरणाऱ्या पिल्लांपैकी अनेक त्या हुकलेल्या दिवसामुळे मरतात, आणि आमच्या मते या आजाराविषयी घराघरांत पोहोचायला हवी अशी पहिली गोष्ट हीच आहे.

धानोरी रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीतले अडीच महिन्यांचे, चार किलो वजनाचे पिल्लू डोळ्यांसमोर आणू. ते पाच आठवड्यांचे असताना घरी आले. विकणाऱ्याने ‘लस करून घ्या’ म्हटले, म्हणून सहाव्या आठवड्यात एक डोस झाला आणि पुढची तारीख राहून गेली. शुक्रवारी संध्याकाळी पिल्लू जेवायला उठले नाही. एरवी भांड्याचा आवाज झाला की धावत येणारे पिल्लू कोपऱ्यात पडून राहिले, तेव्हा घरच्यांना वाटले की दमले असेल किंवा उन्हाचा त्रास झाला असेल. शनिवारी सकाळी पिवळसर फेसाची उलटी झाली, दुपारपर्यंत आणखी तीन झाल्या. पाणी प्यायले की तेही उलटून पडे. कुणी म्हणाले जंत झालेत, म्हणून जंताचे औषध पाजले गेले, तेही बाहेर आले. शनिवारी रात्री पातळ, विलक्षण घाण वासाचे जुलाब सुरू झाले. रविवारी पहाटे त्यांत रक्त होते आणि रविवार असल्याने जवळचा दवाखाना बंद होता.

हा क्रम काल्पनिक असला तरी पार्वोचा ठरलेला क्रम हाच आहे. विषाणू पोटात गेल्यावर साधारण तीन ते सात दिवस, क्वचित दोन आठवडे, बाहेरून काहीच दिसत नाही. मग मरगळ येते, भूक जाते, बहुधा ताप येतो. त्यानंतर उलट्या लागतात आणि उलट्यांपाठोपाठ एक-दोन दिवसांत जुलाब होतात. रक्त सर्वांत शेवटी येते, आणि प्रत्येक पिल्लात ते येतेच असेही नाही. काही पिल्ले रक्ताचा एक थेंब न पडता, नुसत्या पाणचट जुलाबांनी दगावतात. म्हणूनच लसींचा पूर्ण क्रम न झालेले पिल्लू जेवायचे थांबले आणि त्याला दोनदा उलटी झाली, तर तेवढेच कारण दवाखान्यात जायला पुरेसे आहे. शुक्रवारच्या रात्री किंवा फार तर शनिवारी सकाळी गेलेले पिल्लू आणि रविवारी दुपारी गेलेले पिल्लू, यांचा आजार एकच असला तरी डॉक्टरांच्या हाती आलेली शरीरे फार वेगळी असतात.

असे का होते हे कळायला विषाणू आतड्यात काय करतो ते पाहावे लागते. पार्वोचा विषाणू फारच लहान आणि एका अर्थी परावलंबी आहे. स्वतःची नक्कल करायची यंत्रणा त्याच्याकडे नाही. जी पेशी स्वतःच दुभंगून दोन व्हायच्या तयारीत आहे, तिचीच सामग्री वापरून तो वाढतो. त्यामुळे शरीरात जिथे पेशी सर्वांत वेगाने जन्मतात, तिथेच तो जातो. पिल्लाच्या शरीरात अशा मुख्य जागा तीन: लसिका ग्रंथी, हाडांतला मगज आणि लहान आतडे. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात आणि अन्नपाणी तेच शोषून घेतात. या उंचवट्यांवरच्या पेशी काही दिवसांतच झिजून गळतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या खोलगट ग्रंथींतून नव्या पेशी वर सरकत येतात. पार्वो नेमक्या या मुळाशीच घाव घालतो. वरच्या पेशी नेहमीप्रमाणे गळत राहतात, पण खालून नव्या येत नाहीत. दोन-तीन दिवसांत उंचवटे खचतात आणि आतडे आतून सोलल्यासारखे होते. शुक्रवारी पिल्लू फक्त मलूल होते आणि रविवारी रक्त पडले, यामागे हा हिशेब आहे.

सोललेल्या आतड्याचे परिणाम दोन. एक तर पाणी, क्षार आणि साखर आत घेणे थांबते आणि उलट शरीरातलेच पाणी व रक्त आतड्यात झिरपते. दुसरे म्हणजे आतड्यात एरवी निमूट राहणारे जिवाणू त्या फाटक्या भिंतीतून रक्तात शिरतात. त्यांना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी याच वेळी कमी झालेल्या असतात, कारण त्या जिथे तयार होतात तो हाडांतला मगजही विषाणूने गाठलेला असतो. पार्वो झालेले पिल्लू मरते ते बहुधा पाणी तुटून रक्तदाब कोसळल्याने, रक्तातली साखर व पोटॅशियम उतरल्याने, किंवा जिवाणू रक्तात पसरल्याने.

आता या साऱ्याची दुसरी बाजू, जी आशेची आहे. पिल्लाचे शरीर हातावर हात धरून बसलेले नसते. संसर्गानंतर पाच ते सात दिवसांत विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार होऊ लागतात, आणि विषाणू मागे हटला की आतड्याच्या मुळाशी उरलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. म्हणजे आजाराचा जोर असतो तो सुमारे चार-पाच दिवसांचा. तेवढे दिवस पिल्लाचे पाणी, क्षार, साखर आणि रक्तदाब टिकवून धरला, जिवाणूंना आवर घातला, तर उरलेले काम ते स्वतः करते. पार्वोवरचे सारे उपचार याच एका विचारावर उभे आहेत. विषाणूला थेट मारणारे रोजच्या वापरातले औषध आपल्या दवाखान्यांत नाही. अमेरिकेत मे २०२३मध्ये विषाणूला जखडून ठेवणाऱ्या तयार प्रतिद्रव्यांच्या एका इंजेक्शनला सशर्त मान्यता मिळाली, ही चांगली बातमी आहे. पण आपल्याकडचे पिल्लू आज वाचते ते मुख्यतः सलाईनने.

सलाईन किती लागते याचा अंदाज नसल्याने पुष्कळ गैरसमज होतात, म्हणून आपल्या चार किलोच्या पिल्लाचा हिशेब मांडू. रविवारी दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्याच्या हिरड्या चिकट होत्या, बोटाने दाबून सोडल्यावर त्यांचा गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागत होता आणि डोळे थोडे आत गेले होते. अशा वेळी वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी तुटले असे डॉक्टर धरतात. चार किलोचे आठ टक्के म्हणजे ३२० मिलिलिटर. या पिल्लाच्या अंगातले सगळे रक्त एकत्र केले तरी ते साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास भरेल, यावरून तुटीचे गांभीर्य कळावे. ही झाली मागची थकबाकी. दिवसभराची शरीराची साधी गरज किलोला ६० मिलिलिटर धरली तरी २४० होते आणि वाढत्या पिल्लाला त्याहून जास्तच लागते. शिवाय उलट्या-जुलाब चालूच असतात, त्यांतून आणखी दीडशे मिलिलिटर जाईल असे समजा. बेरीज सातशेच्या पुढे जाते. पहिल्या चोवीस तासांत पाऊण लिटरच्या आसपास द्रव चार किलोच्या जिवाला लागतो, म्हणजे पाचशे मिलिलिटरची एक बाटली पुरत नाही.

आपल्याकडे बहुतेक उपचार नेमके इथेच लंगडे पडतात. सकाळी दवाखान्यात नेले, टेबलावर तासाभरात थोडे सलाईन चढवले, दोन इंजेक्शने दिली आणि घरी आणले, ही पद्धत सर्वत्र आहे. तिला नुसती नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण रात्रभर पिल्लू ठेवून घेण्याची सोय प्रत्येक दवाखान्यात नसते आणि असली तरी तिचा खर्च प्रत्येक घराला पेलत नाही. पण तासभर आत गेलेले पाणी पुढच्या तेवीस तासांत बाहेर जात असेल तर संध्याकाळपर्यंत पिल्लू पुन्हा तिथेच येते. म्हणून मालकाने डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘सलाईन लावणार का?’ एवढाच नाही. दिवसभरात एकूण किती जाणार, किती वेळा विभागून जाणार, शिरेतली सुई तशीच ठेवता येईल का आणि रात्रीची व्यवस्था काय, हे विचारायला हवे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात, कारण त्यांनाही तीच काळजी असते.

रक्तदाब कोसळलेल्या पिल्लाला डॉक्टर आधी थोड्या वेळात जास्त द्रव देतात. चार किलोला साधारण ८० मिलिलिटर पंधरा मिनिटांत देऊन नाडी, हिरड्या आणि अंगाची ऊब पुन्हा तपासतात. मग रिंगर लॅक्टेट, म्हणजे दवाखान्यात ज्याला आरएल म्हणतात ते, संथपणे चालू ठेवतात. त्यात गरजेनुसार पोटॅशियम आणि ग्लुकोज मिसळतात. पोटॅशियम उतरले की पिल्लाची मान उचलेनाशी होते, आतडी हलेनाशी होतात. साखर उतरली की ते थरथरते, कधी झटके येतात. उलट्या थांबवण्यासाठी मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉनसारखे इंजेक्शन असते. विषाणूच्या आजारात अँटिबायोटिक कशाला, असे अनेक जण विचारतात. ते विषाणूसाठी नसतेच, फाटक्या आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी असते.

आणखी एका समजुतीला आता निरोप द्यायला हवा. उलट्या पूर्ण थांबेपर्यंत पोट रिकामे ठेवायचे, असे पूर्वी शिकवले जाई. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दाखल झाल्यावर बारा तासांतच नाकातून घातलेल्या बारीक नळीने थोडे थोडे अन्न दिलेली पिल्ले उपाशी ठेवलेल्या पिल्लांपेक्षा लवकर सुधारली आणि त्यांचे वजनही वाढले. आतड्याच्या पेशींना स्वतःच्या दुरुस्तीसाठी आतड्यातूनच अन्न लागते, हे त्याचे कारण. पण हे उलटीचे औषध लागू झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचे काम आहे. उलट्या चालू असताना घरी जबरदस्तीने पाणी, ओआरएस किंवा भाताची पेज पाजली तर ती पोटात राहत नाही. शिवाय घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते.

पिल्लू दाखल करणे परवडत नसेल तर काय, हा प्रश्न विश्रांतवाडीसारख्या संमिश्र वस्तीत टाळून चालणार नाही. इथे मोठ्या सोसायट्या आहेत, फुलेनगरसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्याही आहेत आणि पिल्लांवरचा जीव दोन्हीकडे सारखाच आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी याच प्रश्नाचा अभ्यास करून २०१७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पार्वोच्या ४० पिल्लांचे त्यांनी दोन गट केले. सगळ्यांना सुरुवातीला शिरेतून द्रव देऊन सावरले. मग एका गटाला रुग्णालयातला पूर्ण उपचार दिला. दुसऱ्याला घरी जाऊन-येऊन देता येईल असा सोपा उपचार दिला, ज्यात दिवसातून तीनदा कातडीखाली द्रव, उलटी थांबवणारे रोजचे इंजेक्शन आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या अँटिबायोटिकचे एक इंजेक्शन होते. पहिल्या गटातली ९० टक्के पिल्ले वाचली, दुसऱ्यातली ८० टक्के.

उपचाराविना बहुतेक पिल्ले दगावतात, त्यापुढे हा ८० टक्क्यांचा आकडा फार मोठा आहे. पण त्याच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. दुसऱ्या गटातली पिल्लेही तज्ज्ञांच्या नजरेखाली होती, त्यांची साखर आणि क्षार तपासले जात होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरुवातीचे सावरणे शिरेतूनच झाले होते. रक्तदाब कोसळला की शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आखडते आणि मग कातडीखाली दिलेले पाणी तिथेच फुगवट्यासारखे साचून राहते, रक्तात पोहोचत नाही. त्यामुळे कातडीखालचे सलाईन हा लवकर आलेल्या, अजून न कोसळलेल्या पिल्लाचा पर्याय आहे. स्वस्त उपचारही लवकर येणाऱ्यालाच मिळतो, हे कटू असले तरी खरे आहे. पैशांची अडचण असेल तर ती पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. ‘दाखल करता येणार नाही, पण दिवसातून दोन-तीनदा आणतो, कातडीखाली द्रव देता येईल का?’ असे म्हणता येते. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. विश्रांतवाडीहून ते लांब पडते खरे, पण खर्चापायी उपचारच सोडून देण्यापेक्षा तो प्रवास परवडतो.

रोग ओळखताना चूक होते ती बहुधा जंतांच्या नावाने. पिल्लांना जंत असतातच, आणि अंकुशकृमींनीही शौचातून रक्त जाते. पण जंतांनी पिल्लू सहसा एका रात्रीत आडवे पडत नाही. पचायला जड असे काही खाल्ले, आतड्यात काही अडकले किंवा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला, तरी उलट्या होतात, आणि यातली शेवटची गोष्ट पार्वोतही घडू शकते. म्हणून अंदाजाने बसून न राहता शौचाची झटपट चाचणी करावी. कापसाच्या काडीवर नमुना घेऊन दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळते. चाचणी कधी चुकते तेही माहीत असावे. आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा उशिरा विषाणू कमी बाहेर पडत असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि गेल्या आठवड्याभरात लस दिली असेल तर क्वचित फिकट पॉझिटिव्ह. लक्षणे बोलत असतील आणि रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील, तर निगेटिव्ह चाचणीवर विसंबून सलाईन थांबवू नये.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. हळद, ताक, ओव्याचे पाणी यांनी पार्वो बरा होत नाही आणि ते करून पाहण्यात गेलेले बारा तास परत मिळत नाहीत. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी त्याहून घातक, कारण ती आतडे थांबवते आणि विष आतच कोंडते. इबुप्रोफेनसारखी वेदनाशामके आधीच सोललेल्या आतड्यावर आणि पाण्याला आसुसलेल्या मूत्रपिंडांवर घाला घालतात. दवाखान्याकडे निघताना करण्यासारखे थोडेच आहे: पिल्लाला टॉवेलात गुंडाळून ऊब द्यावी, शौचाचा नमुना झाकणाच्या डबीत घ्यावा, आणि ‘पार्वोची शंका आहे’ असे दवाखान्याला आधी फोन करून कळवावे. पिल्लू शुद्धीवर असून थरथरत असेल तर हिरड्यांवर थोडा मध किंवा साखरेचे पाणी चोळावे. दवाखान्यात त्याला जमिनीवर सोडू नये, कारण शेजारच्या बाकावर दुसऱ्या कुणाचे पहिल्या लसीसाठी आलेले पिल्लू असते.

आता लसीकडे येऊ. आमच्या दृष्टीने लसीबाबतची सर्वांत मोठी चूक ‘लस न देणे’ ही नाही. ‘एक डोस झाला, आता काळजी नाही’ ही आहे. आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिद्रव्ये मिळतात आणि ती साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होत जातात. ती भरपूर असतात तोवर पिल्लू सुरक्षित असते, पण तीच प्रतिद्रव्ये लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. मग एक काळ असा येतो की रस्त्यावरचा विषाणू थोपवण्याइतकी ती उरलेली नसतात, पण लस फुकट घालवण्याइतकी मात्र असतात. हा काळ एखाद्या पिल्लात आठव्या आठवड्यात येतो, एखाद्यात बाराव्या किंवा चौदाव्या. बाहेरून तो ओळखता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत राहायची आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर पडेल असे बघायचे, हा जगभरच्या पशुवैद्यकांचा सल्ला आहे. किती डोस झाले यापेक्षा शेवटचा डोस कोणत्या वयात झाला याला महत्त्व आहे. सहाव्या आठवड्यातला एकच डोस घेतलेले आपले पिल्लू कागदावर लस घेतलेले होते, शरीराने बहुधा नव्हते. पुढे सहाव्या महिन्यात किंवा वर्षाच्या आत आणखी एक डोस घेतला की पार्वोपासूनचे संरक्षण वर्षानुवर्षे टिकते.

पिल्ले विकणाऱ्यांची जबाबदारी इथेच सुरू होते. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे केंद्र सरकारचे २०१७चे नियम आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला मनाई करतात. तरीही महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास हातोहात जातात. आईपासून लवकर तोडलेले, अन्न बदललेले, प्रवासाने थकलेले पिल्लू नेमके त्या धोक्याच्या काळाच्या तोंडावर नव्या घरात येते. ग्राहकाने आठ आठवड्यांखालचे पिल्लू घ्यायला नकार दिला, तर हा व्यवहार कायद्याच्या बडग्याची वाट न पाहता कमी होईल.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. महापालिकेच्या नसबंदी मोहिमेत कुत्र्यांना रेबीजची लस मिळते, आणि ती माणसांच्या जिवासाठी अत्यावश्यकच आहे. पण ती पार्वोपासून वाचवत नाही. कानाला खूण असलेले कुत्रे पाहून ‘याला लस झालीय’ असे समजणारे अनेक जण असतात. रस्त्यावरच्या पिल्लांना पार्वोची लस मिळते ती कुणी खाऊ घालणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने दिली तरच. सोसायटीच्या आवारातली पाच-सहा पिल्ले दत्तक जाईपर्यंत सांभाळणाऱ्या गटांनी वर्गणीतला पहिला खर्च या लसीवर करावा, असे आम्हाला आवर्जून सुचवावेसे वाटते. पार्वोचा विषाणू माणसाला बाधत नाही, त्यामुळे पिल्लांना हाकलून लावण्याचे कारण तर मुळीच नाही. मात्र तो बुटांना आणि कपड्यांना चिकटून एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे जातो.

आणि तो चिवट आहे. त्याला स्निग्ध आवरण नसल्याने साबण, अल्कोहोलचे सॅनिटायझर किंवा नेहमीचे फिनाईल यांवर भरवसा ठेवता येत नाही. घरात तो महिनोन्‌महिने टिकतो, सावलीतल्या ओल्या मातीत वर्षभरही. आधी घाण पूर्ण काढून जागा धुवावी, मग कपडे धुण्याचे साधे क्लोरीन ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात ताजे मिसळून लादीवर किमान दहा मिनिटे ओले ठेवावे. बाग आणि माती अशी धुता येत नाही, तिथे ऊन आणि काळ एवढेच उपाय. बरे झालेले पिल्लूही साधारण दोन आठवडे शौचातून विषाणू टाकत असते, तेवढे दिवस त्याला जिना-बागेत फिरवू नये. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेले, तिथे पुढचे पिल्लू आणायचे असेल तर लसींचा क्रम पूर्ण झालेलेच आणावे.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी चार महिन्यांच्या आतले पिल्लू आहे त्यांनी आजच त्याचे लसीचे कार्ड काढून शेवटच्या डोसची तारीख आणि त्या दिवशीचे पिल्लाचे वय पाहावे, आणि पुढचा डोस राहिला असेल तर उद्याच डॉक्टरांना फोन करावा. त्याच कार्डाच्या मागे रात्री आणि रविवारी उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे आज विचारून लिहून ठेवावे.